सहज म्हणून

धाकटीची नोकरी गेली त्या दिवसापासून आईने घरात एक शब्द बंद करून टाकला. 'गेली' म्हणायचं नाही, 'सोडली' म्हणायचं. समोरच्या दारच्या बाईंनी विचारलं, "हल्ली दिवसाही घरीच दिसते हो धाकटी?" तर आई म्हणाली, "साठलेली रजा आहे. कंपनीच मागे लागली, घे म्हणून." कंपनी मागे लागली होती हे खरंच होतं. फक्त रजा घे म्हणून नव्हे.

धाकटी खोक्यांचं काम करायची. ऐकून लोक हसतात. खोक्याचं कसलं आलंय काम, चार बाजू आणि झाकण! पण चिनी मातीचं वॉश बेसिन कारखान्यातून निघतं तेव्हा देखणं असतं आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचतं तेव्हा कधी कधी ठिकऱ्या झालेलं असतं, आणि या दोन दारांच्या मधे उभं असतं ते खोकं. ते कसं घडवायचं, पुठ्ठा कुठे दुहेरी घ्यायचा, आत आधार कुठे द्यायचा, मग भरलेलं खोकं उंचावरून मुद्दाम पाडायचं आणि काय फुटलं ते बघायचं, हे तिचं काम. लहानपणी कपबशा फोडल्याबद्दल जिने मार खाल्ला, तिला मोठेपणी फोडायचा पगार मिळत होता. पुढे मालकांनी ठरवलं की खोकी बाहेरून तयार घ्यायची. विभाग बंद झाला. हार नाही, तुरे नाहीत, एका दुपारी सगळ्यांच्या हातात कागद.

माणसाची नोकरी जाते तेव्हा पगाराच्या आधी आवाज जातो. धाकटीचा तसाच गेला. खडखडून बोलणारी पोरगी, आता दूधवाल्याशीसुद्धा "माफ करा हं" म्हणून सुरुवात करायची.

त्यात मामा. आईच्या पाठचा भाऊ, भांड्यांचं मोठं दुकान. त्याने निरोप धाडला होता की धाकटीला गल्ल्याशेजारी बसवतो, पण एक तारखेपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. मामा वाईट माणूस नव्हता. पण गल्ल्याशेजारी बसलं की खोक्यांकडे परत वळणं नाही हे धाकटीला कळत होतं. आणि भावाचा उपकार घेतला की जन्मभर त्याच्या बायकोची बोलणी गोड मानून घ्यायची, हे आईला कळत होतं. म्हणजे दोघींच्या घशात घास एकच अडकला होता, कारणं तेवढी वेगळी.

धाकटीने जाहिराती बघून अर्ज केले. उत्तर नाही. मग तिने ठरवलं की जाहिरात नसली तरी आपणच लिहायचं. दिवे बनवणारी एक कंपनी होती, काचेच्या घुमटांचे टेबलावरचे दिवे. तिथल्या पॅकिंग विभागाच्या प्रमुख बाईंचं भाषण धाकटीने मागे एका प्रदर्शनात ऐकलं होतं. साधं नीट बोलल्या होत्या. प्रदर्शनाच्या पानावर भाषणाखाली त्यांचा ईमेल पत्ताही होता. अनोळखी माणसाला, न मागता, न विचारता लिहायचं. आता बसा लिहायला.

रविवारी ताई आली. ताई म्हणजे थोरली, पंपांच्या एका कारखान्यात माणसं नेमायच्या खात्यात बसते. तिच्या पेटीत असले ईमेल रोज येऊन पडतात. बोलायला तिखट, पण धाकटीवर जीव. आल्या आल्या चपला काढायच्या आत म्हणाली, "दाखव काय लिहिलंयस."

"अगं, बस तरी आधी."

"बसले. दाखव."

धाकटीने फोन पुढे केला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, डॉक्टरने जखम उघडल्यासारखी. ताई मोठ्याने वाचायला लागली.

"'आदरणीय महोदया, सहज म्हणून आपणास लिहीत आहे. आपल्या अमूल्य वेळेतली पाच मिनिटं तरी मला द्याल अशी आशा आहे. त्रास देते आहे त्याबद्दल क्षमस्व. मी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व लवकर शिकणारी आहे. कुठलंही काम, कुठल्याही पगारावर करायची माझी तयारी आहे. निदान एकदा तरी संधी द्यावी. सोबत माझी सर्व प्रमाणपत्रं जोडली आहेत. आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.'"

ताईने फोन पालथा ठेवला.

"चांगलं लिहिलंय की," आई म्हणाली. "नम्र आहे."

"नम्र? आई, हे वाचून मला पाकीट काढावंसं वाटलं. आणि यात कितीतरी 'तरी' आहेत! पाच मिनिटं तरी, एकदा तरी. हा 'तरी' म्हणजे वाडगा पुढे केल्यासारखा."

"मग गरज आहे तर काय करू?" धाकटी खिडकीशीच बोलली. "मिरवू?"

"गरज लपव असं कुठे म्हणते मी? पण तू बघ, सुरुवातीला म्हणतेस 'सहज', आणि शेवटी डोळे लावून बसतेस. सहज लिहिणारी बाई डोळे कशाला लावेल? अगं, जो माणूस दारात येऊन 'सहज आलो होतो' म्हणतो ना, तो कधीच सहज आलेला नसतो. चहा संपेपर्यंत वाट बघायची, मग काय ते बाहेर पडतं."

"तुझ्या सासूबाई तशाच येतात," आई म्हणाली.

"माझ्या सासूबाईंना यातून वगळ."

आईने वगळलं, पण तोंडावर हसू ठेवून.

"आणि 'कुठलंही काम' म्हणायचं नाही," ताई पुढे म्हणाली. "तुला वाटतं, दार मोठं उघडलं की कुणीतरी आत घेईल. समोरच्याला काय दिसतं? की हिला काय येतं ते हिलाच माहीत नाही, आता ते मी शोधायचं. कुठलंही म्हणजे कुठलंच नाही. प्रमाणपत्रांचा ढीग तर आधी काढ. अनोळखी माणसाने पाठवलेली गाठोडी कोण सोडतं? मागितलं की द्यायचं."

धाकटी वळली. डोळे भरले नव्हते, पण काठावर होते. "तू रोज वाचतेस, तुला सोपं आहे. मला सांग ना मग काय लिहू? एक तारखेला मामाला सांगायचंय, ताई."

हे ऐकून ताईचा स्वर उतरला. "ये, बस इथे."

बसल्या. फोनवर लिहून देणारा मदतनीस असतो हल्ली, सांगाल ते सजवून देतो. धाकटीने त्याला आपलं पत्र दिलं आणि सांगितलं, जरा आत्मविश्वासाचं कर. त्याने क्षणात केलं. दोघींनी डोकी जोडून वाचलं. आपल्या कंपनीच्या नावीन्यपूर्ण वाटचालीने मी भारावून गेले आहे, असं पहिलंच वाक्य. पुढे परिणामकारक मूल्यवर्धन होतं, ध्यास होता, आणि शेवटी एकत्रित यशाची शिखरं.

"हे छान आहे," धाकटी अंदाज घेत म्हणाली.

ताईने स्वतःचा फोन काढला, कारखान्याची पेटी उघडली आणि एक ईमेल तिच्यापुढे धरला. त्यातही भारावून गेले होते. दुसरा धरला. त्यातही शिखरं होती.

"हा पंपांवर भारावलाय," ताई म्हणाली. "आमच्या पंपांवर आमचा मालकसुद्धा भारावत नाही. चूक यंत्राची नाही गं, तू त्याला दिलंस काय? कष्टाळू आणि प्रामाणिक. त्याच्यातून तो आणखी काय शिजवणार? कंपनीचं नाव बदललं तर हेच पत्र पंखेवाल्यालाही चालेल, बिस्किटवाल्यालाही. जे कुणालाही चालतं ते कुणालाच लिहिलेलं नसतं."

आता आईला राहवेना. तिचं शिक्षण बेताचं, पण मुलींच्या बाबतीत तिचा स्वतःबद्दलचा विश्वास कधी बेताचा नव्हता. हातातला उसवलेला उशीचा अभ्रा बाजूला ठेवून ती म्हणाली, "मी सांगते ते लिही. लिही, अशी मुलगी तुम्हाला दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही. हातची घालवाल तर पस्तावाल. दोन दिवसांत उत्तर द्या, दुसरेही विचारतायत."

"कोण विचारतंय?" धाकटी म्हणाली.

"मामा विचारतोय ना!"

तिघीही हसल्या. धाकटी तर अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात तो आवाज झाला. पण हसून झाल्यावर फोनचा पडदा कोरा तो कोराच, आणि तिचं तोंड पुन्हा लहान झालं. ती मागे टेकली, मान वर गेली, आणि कपाटावर नजर अडकली.

कपाटावर खोकं होतं. ताईने आईला शिवणाच्या वेळी नीट दिसावं म्हणून दिवा आणून दिला होता, याच कंपनीचा. आईने तो उघडलाच नव्हता. चांगली वस्तू वापरायची नसते, वर ठेवायची असते, असा आईचा नेम. येणाऱ्याजाणाऱ्याला खालून खोकं दाखवायची आणि मिचमिच्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवायची.

"आई, तो दिवा काढू?"

"कशाला? पाहुणे येणारेत का?"

पण धाकटी खुर्चीवर चढलीही होती. तिने खोकं उतरवलं, जमिनीवर ठेवलं, आणि मग जे केलं ते ताई बघतच राहिली. सरळ झाकण उघडलं नाही. आधी खोकं चारी बाजूंनी फिरवलं, कोपरे अंगठ्याने दाबले, कान लावून हलवलं. चिकटपट्टी नखाने उचलून एका लांब ओढीत काढली, पुठ्ठ्याचा पापुद्राही न उचकटता. झाकण उघडलं आणि म्हणाली, "अय्या."

"काय झालं? फुटला?" आई उठलीच.

"नाही गं. बघ ना, थर्माकोल नाही, कागदाचे बोळे नाहीत, काही नाही. घुमट नुसता टांगलाय. एकाच पुठ्ठ्याची झोळी केलीय आणि काच कुठल्याच भिंतीला लागत नाहीये. खोकं आपटलं तर झोळी झुलेल, काच नाही फुटणार. किती सुंदर आहे हे!" तिने घुमट काढून आईच्या मांडीत दिला, तान्हं मूल द्यावं तसा, आणि खोक्याच्या तळाच्या घड्या सोडून ते जमिनीवर सपाट पसरलं. गुडघ्यांवर बसून ती त्याच्यावर वाकली. "थांब, पण हे असं का केलं?"

"कसं?" ताई खाली बसली.

"हा बघ, इथे पुठ्ठ्याची दोन टोकं डिंकाने जोडलीयत. खोक्याचा हा कोपरा सगळ्यात कच्चा. आम्ही पाडायची चाचणी घेताना खालचा हाच कोपरा आधी पाडायचो. इथे निभावलं तर बाकीचे निभावतात. म्हणजे जास्तीची घडी द्यायची तर इथे द्यायला हवी. पण यांनी दिलीय ती या कोपऱ्याला. अगदी समोरच्या! चुकून नाही हं, साचाच तसा कापलाय. मुद्दाम केलंय. का पण? काहीतरी माहीत असणार त्यांना. मला सांगा ना, का?"

ती ताईला विचारत नव्हती. ती खोक्याला विचारत होती. आवाज पूर्वीचा, खडखडीत. त्यात ना क्षमस्व, ना तरी.

ताई हळूच म्हणाली, "हे त्या बाईंना विचार."

"काय?"

"हेच. आत्ता जसं विचारलंस तसं."

धाकटीने मान हलवली. "छे! न विचारता कुणाच्या कामात चुका काढायच्या? तेही नोकरी मागताना?"

"चुका काढ म्हटलंय का मी? न मागता उणं काढणारी सासू कुणालाच नको असते. 'तुमचा कोपरा चुकलाय' असं लिहिलंस तर संपलं. पण तुला खरंच प्रश्न पडलाय ना? खरं सांग."

"पडलाय."

"मग झालं तर. खोटं कौतुक लगेच कळतं, खोटा प्रश्नही कळतो. खरा असला तर माणूस वाचता वाचता थांबतो. त्यांनी ती घडी घालायला डोकं खाजवलं असेल आणि आजवर कुणी साधं विचारलं नसेल."

या वेळी धाकटी लिहायला बसली ती जमिनीवरच, खोक्याच्या कडेला. ताई अधूनमधून बोट घालायची. 'आपल्या अमूल्य वेळेतली' गेलं. 'क्षमस्व' दोनदा मागच्या दाराने आत आलं, दोनदा हाकललं. सगळ्यात जास्त भांडण झालं ते एका वाक्यावरून.

"'बेसिनच्या कारखान्यातला आमचा विभाग बंद झाला, आणि मी सध्या काम शोधते आहे,'" धाकटीने वाचलं.

"ते काढ," आई म्हणाली. मांडीत घुमट, दोन्ही हात त्याच्यावर. "सगळ्या जगाला सांगायचंय का? म्हणावं सहज विचारलं, कुतूहल म्हणून. काम वगैरे मग त्यांनीच विचारू दे."

"मी आत्ता ताईकडून 'सहज'बद्दल एवढं ऐकून घेतलं ना!"

"ते वेगळं. हे घराण्याच्या अब्रूचं आहे."

ताई तोंड उघडणार होती. धाकटीने तिला हाताने थांबवलं.

"आई, मी चोरी केली का?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग विभाग बंद झाला हे लपवू कशाला? नुसता प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं, की मग मागून हळूच म्हणू, अहो, तसं नोकरीचंही बघत होते? त्यांना वाटेल, हिने प्रश्नाचा गळ टाकला आणि मी मासा झाले. त्यापेक्षा आधीच सांगते. एकदा सांगते, रडत नाही, परत परत म्हणत नाही. ज्याला गरज सांगता येते त्याला 'नाही' ऐकताही येतं."

आई घुमटावरची नसलेली धूळ पुसत राहिली. आणि पत्र झालं ते असं. वर विषय लिहिला: दिव्याच्या खोक्याचा एक कोपरा.

'नमस्कार. पॅकिंगच्या प्रदर्शनात तुमचं भाषण ऐकलं होतं. आज आईसाठी घेतलेला तुमचा टेबलाचा दिवा उघडला. घुमट झोळीत टांगायची कल्पना फार आवडली. एक प्रश्न पडला. जोडाचा कोपरा कच्चा असूनही जास्तीची घडी समोरच्या कोपऱ्याला का दिली आहे? मी वॉश बेसिनच्या कारखान्यात खोकी तयार करून त्यांच्या चाचण्या घेत होते. आतला आधार बदलून आम्ही वाटेतली फूट निम्म्यावर आणली होती. आता तो विभाग बंद झाला आहे आणि मी याच प्रकारचं काम शोधते आहे. तुमच्याकडे चाचण्यांच्या कामाला माणूस लागणार असेल तर मला बोलायला आवडेल. तसं नसेल तर कोपऱ्याचं उत्तर मिळालं तरी आनंद होईल.'

खाली नाव आणि फोन नंबर. बस्स.

"शेवटी एक 'तरी' राहिलाय," धाकटी म्हणाली.

ताईने पुन्हा वाचलं. "हा राहू दे. हा हात पसरणारा नाही. हा समोरच्याला मोकळा सोडतो."

पाठवलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. धाकटी फोन अंडं असल्यासारखा उबवत बसली. आईने घोषणा केली की कपटी बाई आहे, वाचून गप्प बसलीय. बुधवारी आईच म्हणाली, "फोन लाव सरळ. नाहीतर आणखी एक धाड. विचार, मिळालं का म्हणून." धाकटीने तेवढ्यात लिहिलंही होतं: 'माझा ईमेल मिळाला असल्यास निदान...' 'निदान' शब्दाशी तिचं बोट अडखळलं. तिने ताईला फोन लावला.

"पुसून टाक," ताई म्हणाली. "तुझ्यासाठी तीन दिवस म्हणजे तीन महिने. तिच्यासाठी सोमवार-मंगळवार म्हणजे नुसती तुंबलेली कामं. आठवडा जाऊ दे. मग एकदाच, दोन ओळी. त्यानंतरही गप्प असेल तर तेच तिचं उत्तर. दार एकदा वाजवायचं, फार तर दोनदा. लाथ मारायची नाही."

धाकटीने पुसलं. सोपं नव्हतं ते. भुकेल्या माणसाने ताटावरून उठावं तसं होतं.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. आई शिवत होती, दिवा लावून. हो, दिवा आता टेबलावर आला होता. खोकं सपाट झाल्यावर वर ठेवणार कशात?

उत्तर असं होतं: 'खोक्याला एका बाजूला हात घालायचं भोक आहे. माणसं खोकं तिथे धरून उचलतात, म्हणून ते तिरकं लोंबतं आणि खाली ठेवताना नेहमी त्याच कोपऱ्यावर टेकतं. आम्हालाही हे परत आलेली फुटकी खोकी बघून बघून कळलं. बहुतेक लोक खोकं फाडून फेकतात. तुम्ही घडी कशी बघितलीत?'

धाकटीच्या तोंडून "भोक! अगं बाई, भोक!" असं निघालं आणि ती टाळी वाजवून उठली. मग पुन्हा वाचलं आणि खाली बसली.

"कामाचं काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"काही नाही."

"एक अक्षर नाही?"

"नाही."

"म्हणजे पाणी पाजलं, पाट मांडलाच नाही." आईने सुई खोचली. "आता सोडू नकोस. सगळी प्रमाणपत्रं लाव. मामाचंही लिही, एक तारखेचं. दया येईल."

ताई त्या वेळी मीटिंगमध्ये, फोन उचलत नव्हती. धाकटी एकटीच होती, आणि तिच्या मनात तेच सगळं दाटून आलं होतं जे आई बोलत होती. एक तारीख, गल्ला, मामी. बोटं शिवशिवत होती. तिने लिहिलंही: 'आपल्या उत्तराने फार दिलासा मिळाला. खरं सांगायचं तर माझ्यावर...'

इथे तिने मान वर केली. दिव्याच्या उजेडात आईचे हात दिसत होते, टाका सरळ पडत होता. झोळीत टांगलेली काच तिच्या डोळ्यांपुढे आली, कुठल्याच भिंतीला न लागणारी. जवळ असायचं, पण रेलायचं नाही. तिने ती ओळ खोडली आणि बाईंनी जे विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं.

'सवयीने बघितली. खोकं उघडण्याआधी कोपरे दाबायची सवय बेसिननी लावली. आमच्याकडे भोक नव्हतं, बेसिन जड म्हणून दोघं मिळून उचलायचे, आणि नेहमी मागे चालणारा आधी सोडायचा. त्यामुळे आमचा फुटका कोपरा वेगळा होता. कामाचं मागच्या ईमेलमध्ये लिहिलंच आहे. तुमची चाचणीची खोली बघायला मिळाली तर पुढच्या आठवड्यात कधीही येऊ शकते. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा.'

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

"मामाचं नाही?"

"मामाचं मामाकडे."

उत्तर संध्याकाळच्या आत आलं, एका ओळीचं. 'मागे चालणारा आधी सोडतो हे वाचून हसले, आमच्याकडेही तसंच आहे; मंगळवारी सकाळी या.'

मंगळवारी, एक तारखेच्या दोन दिवस आधी, धाकटी निघाली तेव्हा समोरच्या दारच्या बाई दारातच होत्या. त्या नेहमी दारातच असतात. "रजा संपली वाटतं?" त्यांनी विचारलं.

धाकटीने आईकडे बघितलं. आईने पदर सावरला, मान ताठ केली आणि जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रजा कसली? नोकरी गेली तिची. दुसरी बघायला चालली आहे." आणि बाईंचं तोंड उघडायच्या आत, "तुमच्या मुलाचं काय झालं हो, अजून बघतोय ना?" आईच ती. खरं बोलली, पण फुकट नाही.

दिव्यांच्या कंपनीच्या दारावरच्या माणसाने वहीत लिहिताना विचारलं, "काय काम?" ती उत्तर देणार तोवर आतून प्रमुख बाई आल्या. बुटक्या, केस पांढरे, बाहीला चिकटपट्टीचा तुकडा लागलेला. त्यांनी तिला खालीवर बघितलं आणि मिश्कीलपणे विचारलं, "खोली बघायला सहज आलात, की मुद्दाम?"

"मुद्दाम," धाकटी म्हणाली. "काम हवंय म्हणून आले."

बाई हसल्या. "बरं झालं. सहज येणाऱ्यांना चहा पाजून पाजून मी दमले." चालता चालताच त्या बोलत होत्या. चाचण्या घेणारी त्यांच्याकडची मुलगी बाळंतपणाला चालली होती, नंतर परत यायचं नक्की नव्हतं. जाहिरात लिहायची होती. "ती लिहायचा मला इतका कंटाळा आलाय की काय सांगू! कष्टाळू, प्रामाणिक... काय लिहितात तेच कळत नाही."

"मलाही कळत नव्हतं," धाकटी म्हणाली.

खोलीत मधोमध लोखंडी पट्टी लावलेली फरशी होती, भिंतीला उंचीच्या खुणा, आणि कोपऱ्यात फुटलेल्या काचेचं भरलेलं पिंप. ते बघून धाकटीला घरी आल्यासारखं वाटलं. बाईंनी एक भरलेलं खोकं उचललं. नवा नमुना होता, अजून बाजारात न आलेला. तो त्यांनी तिच्या हातात दिला.

"आधी बघायचंय की आधी पाडायचंय?"

धाकटीने खोकं फिरवलं. कोपरे अंगठ्याने एकेक करून दाबले. भोक कुठे आहे ते बघितलं, तिथे हात घातला आणि खोकं नुसतं लोंबू दिलं. ते तिरकं झालं, एक कोपरा आपोआप खाली आला. तिने तोच कोपरा खुणेवर धरला, बाईंकडे बघितलं आणि हात सोडले.